प्रोप डेस्क की ब्रोकिंग फर्म: टर्मिनलवर बसण्यासाठी पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रे

एक्सचेंजच्या ट्रेडिंग टर्मिनलवर ऑर्डर टाकताना एक रकाना भरावा लागतो: PRO किंवा CLI. CLI म्हणजे ऑर्डर ग्राहकाची, PRO म्हणजे ब्रोकरच्या स्वतःच्या पैशांची. दिवसभर CLI टाकतो तो ब्रोकिंग फर्मचा डीलर, PRO टाकतो तो प्रोप डेस्कवरचा ट्रेडर. दोघांचीही नोंद एक्सचेंजकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून करावी लागते. त्यामुळे इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये काम करायचे असेल, तर दोघांनाही आधी एकच प्रमाणपत्र लागते: NISM Series-VIII, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा. ते चालू मुदतीत नसेल तर कंपनीला तुमच्या नावाचा युजर आयडी या सेगमेंटमध्ये सुरू करता येत नाही. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी मुलाखतीआधीच त्याची प्रत मागतात.

परीक्षेची नोंदणी

या परीक्षेला पदवीची अट नाही. मात्र कंपनी आपल्या पातळीवर पदवी मागू शकते आणि बहुतेक मागतातच. नोंदणी certifications.nism.ac.in वर स्वतः करायची असते. पॅन आणि फोटो हाताशी ठेवा. नाव पॅनवर आहे तसेच भरा: क्रम तोच, वडिलांचे नाव असेल तर तेही, आणि आद्याक्षर असेल तर आद्याक्षरच. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी असे सर्रास दिसते. अर्ज गुणपत्रिकेप्रमाणे भरला तर तीच तफावत प्रमाणपत्रावर येते आणि पुढे युजर आयडी काढताना काम अडून बसते. पॅनवरच चूक असेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्या, परीक्षा नंतर द्या. केंद्रावर जाताना प्रवेशपत्र आणि मूळ पॅन कार्ड सोबत ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

पेपर 100 प्रश्नांचा, 100 गुणांचा, वेळ दोन तास. पास व्हायला 60 गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. या पाव गुणाचा हिशेब नीट समजून घ्या. प्रश्नाला चार पर्याय असतील आणि काहीच माहीत नसताना उत्तर ठोकले, तर चारात एकदा 1 गुण मिळेल आणि तीनदा मिळून 0.75 जाईल, सरासरी फायदा प्रश्नामागे जेमतेम 0.06. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हाच फायदा 0.375 होतो. समजा 66 प्रश्न सोडवले, त्यांतले 61 बरोबर आणि 5 चूक. गुण होतात 59.75, म्हणजे नापास. अशा वेळी दोन पर्याय बाद झालेला एखादा प्रश्न सोडून देणेच महागात पडते. याउलट 67 पैकी 64 बरोबर असतील तर गुण 63.25. तिथून डोळे झाकून आणखी 10 उत्तरे दिली आणि सगळी चुकली, तरी 60.75 उरतात, पण 14 चुकली तर 59.75 वर घसरण होते. परीक्षेत आपली किती उत्तरे बरोबर आहेत हे दिसत नाही, म्हणून खात्रीच्या आणि अंदाजाच्या उत्तरांची मोजदाद वेगवेगळी ठेवावी.

प्रोप डेस्कच्या मुलाखतीत हेच बघतात. दर डावाची सरासरी कमाई किती, ती मिळेपर्यंत किती तोटा सोसावा लागेल आणि तेवढे भांडवल आहे का, असे प्रश्न तोंडी येतात. त्यासोबत पुट-कॉल पॅरिटी, डेल्टा बदलला तर हेजमध्ये किती लॉट वाढवायचे, अशी गणिते असतात. अल्गो डेस्क असेल तर पायथन किंवा सी++ मध्ये चालणारा कोड दाखवावा लागतो. चार्टवरच्या आकृत्या पाठ असणे तिथे फारसे उपयोगी पडत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

डीलरची नोकरी वेगळी

डीलरने बाजाराबद्दल मत बाळगायला हरकत नाही, पण ग्राहकाच्या खात्यात ते वापरायचे नाही. सेबीच्या मार्च 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरकडे असलाच पाहिजे: सही केलेला कागद, फोनचे रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा ऑनलाइन व्यवहाराचा लॉग. ग्राहक नेहमीचा आहे, ‘बघून घ्या’ म्हणाला आहे, म्हणून ऑर्डर टाकली आणि तोटा झाला, की तक्रार येते आणि रेकॉर्डिंग मागवले जाते. त्यात शेअरचे नाव, संख्या आणि भाव ऐकू आला नाही तर डीलरची बाजू उरत नाही. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी ती ग्राहकाला परत वाचून दाखवण्याची सवय हेच इथले पहिले कौशल्य. चुकीच्या क्लायंट कोडवर सौदा झाला तर तो बदलता येतो, पण फक्त खरी चूक असेल तरच; वारंवार बदल झाले की एक्सचेंज दंड लावते.

ऑर्डर टाकण्यापेक्षा जोखीम-नियंत्रण किंवा सेटलमेंटकडे कल असेल तर NISM Series-VII द्या. तिथे पास व्हायला 50 गुण पुरतात. स्वतःचे ग्राहक आणायचे असतील तर ब्रोकरमार्फत अधिकृत व्यक्ती होता येते. वय किमान 18 आणि शिक्षण किमान दहावी असावे लागते. अर्ज ब्रोकर एक्सचेंजकडे पाठवतो. ग्राहकाचे पैसे मात्र स्वतःच्या खात्यात घ्यायचे नाहीत.

रुजू होतानाची कागदपत्रे

पॅन, आधार, शैक्षणिक प्रमाणपत्रे, NISM प्रमाणपत्र आणि आधीच्या कंपनीचे कार्यमुक्तीपत्र लागते. आधी टर्मिनलवर काम केले असेल तर जुना युजर आयडी बंद केल्याचे लेखी घ्या. इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांखाली तुमची नोंद होणार असेल तर जवळच्या नातेवाइकांची नावे आणि पॅनही द्यावे लागतात. पत्नीच्या डिमॅट खात्याचा उल्लेख राहून जाणे ही इथली नेहमीची चूक, आणि ती लपवाछपवी म्हणूनच वाचली जाते.

प्रोप डेस्कच्या करारात ‘नफ्यात 30 टक्के वाटा’ एवढेच वाचून सही करू नका. समजा तिमाहीत 4 लाखांचा नफा दिसतो. कर, एक्सचेंजचे शुल्क आणि टर्मिनल-भाडे मिळून दीड लाख खर्च वजा झाला की अडीच लाख उरतात. मागच्या तिमाहीचा 1 लाख तोटा पुढे ओढण्याची अट असेल तर उरतात दीड लाख. तुमचा वाटा 1 लाख 20 हजार नव्हे, 45 हजार. खर्चात काय काय धरणार, तोटा किती काळ पुढे ओढणार आणि दिवसाची तोटामर्यादा ओलांडली तर टर्मिनल कोण बंद करणार, हे लेखी मागा.

कंपनी तुमच्याकडूनच डिपॉझिट मागत असेल तर थांबा. PRO खाते ब्रोकरच्या स्वतःच्या पैशांसाठी असते. तिथे तुमची रक्कम तुमच्या नावावर दिसत नाही, आणि कंपनी बुडाली तर ग्राहक म्हणून गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा करता येत नाही. आधी सेबीच्या संकेतस्थळावर ब्रोकरचा INZ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासा.

Series-VIII प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी NISM चा एक दिवसाचा सीपीई, म्हणजे सतत व्यावसायिक शिक्षणाचा, कार्यक्रम पूर्ण केला तर नूतनीकरण होते. मुदत उलटून गेली की सीपीई चालत नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि तोवर टर्मिनल बंद राहते.