टिप्स ग्रुप (शेअर बाजार)

कोणता शेअर किंवा ऑप्शन कधी घ्यायचा आणि कधी विकायचा याचे तयार ‘कॉल’ देणारा टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवरचा गट म्हणजे टिप्स ग्रुप. यातले काही गट बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे रीतसर नोंदणी केलेले संशोधन विश्लेषक चालवतात. ही नोंद मात्र बिनानोंदणीच्या, ‘शुअर शॉट’ नफ्याची हमी देऊन पैसे घेणाऱ्या गटांबद्दल आहे.

अशा गटाची सुरुवात बहुधा फुकट चॅनेलने होते. तिथे रोज एक-दोन कॉल आणि हिरव्या आकड्यांचे स्क्रीनशॉट टाकले जातात. खरे कॉल ‘प्रीमियम’ किंवा ‘व्हीआयपी’ गटात मिळतात, असे मधूनमधून सांगितले जाते आणि त्यासाठी महिन्याची किंवा तिमाहीची फी मागितली जाते. फी भरणारा माणूस मूर्ख नसतो. आधी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाच-सहा कॉल बरोबर आलेले पाहिलेले असतात. ते बरोबर कसे येतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

सर्वांत जुनी युक्ती वाटणीची आहे. समजा, चालकाकडे ८०० जणांचे नंबर आहेत. तो ४०० जणांना ‘उद्या बँक निफ्टी वर’ असे कळवतो आणि उरलेल्या ४०० जणांना ‘उद्या खाली’. दुसऱ्या दिवशी ज्यांना चुकीचे सांगितले गेले, त्यांना तो सोडून देतो. बरोबर निघालेल्या ४०० जणांची पुन्हा तशीच वाटणी होते. चार दिवसांनी ५० माणसे उरतात. त्या प्रत्येकाने ओळीने चार कॉल अचूक आलेले पाहिलेले असतात आणि बाकीच्या ७५० जणांचे काय झाले याचा त्याला पत्ता नसतो. फी ५,००० रुपये असेल आणि या ५० पैकी निम्म्यांनी भरली, तरी सव्वा लाख रुपये जमतात. चालकाला बाजारातले काहीही कळायची गरज पडत नाही.

एकाच उघड चॅनेलवर ही वाटणी करता येत नाही. तिथे कॉल लिहिण्याच्या पद्धतीतच पळवाट ठेवलेली असते. नेहमी दिसणारा नमुना असा : ‘१२० च्या वर घ्या, स्टॉपलॉस १०५, टार्गेट १२६, १३५, १५०+’. स्टॉपलॉस म्हणजे भाव तिथवर उतरला की तोटा सोसून विकून टाकायचे. भाव १२६ ला नुसता शिवून परत फिरला, तरी ‘पहिले टार्गेट डन’ असा संदेश पडतो. बरोबर आल्यावर ६ रुपये आणि चुकल्यावर १५ रुपये असे हे गणित आहे. दहापैकी सात कॉल बरोबर आले तर ४२ रुपये मिळतात आणि उरलेल्या तिनात ४५ रुपये जातात. म्हणजे ‘७० टक्के अचूकता’ ही जाहिरात खरी असूनही ग्राहक तोट्यात असतो. त्यावर ब्रोकरेज, कर आणि गटाची फी वेगळीच. टेलिग्रामवर चालकाला जुने संदेश पुसता येतात, त्यामुळे चुकलेले कॉल महिनाअखेरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये उरतच नाहीत. चॅनेल तपासायचे असेल, तर पैसे न गुंतवता महिनाभर प्रत्येक कॉल आला त्या क्षणी वहीत उतरवावा. त्यासमोर त्या वेळचा भाव, स्टॉपलॉस आणि प्रत्यक्ष काय झाले हे लिहावे. मग चॅनेलच्या दाव्याशी वहीचा मेळ बसतो का ते पाहावे.

काही गटांत चालक फीवर समाधान मानत नाही, तो सभासदांनाच गिऱ्हाईक करतो. ज्या शेअरमध्ये किंवा ऑप्शनमध्ये उलाढाल फार कमी आहे, तो निवडून चालक आधी स्वतः माल उचलतो. समजा, २ रुपयांचा ऑप्शन त्याने घेऊन ठेवला आणि मग गटात ‘४ ते ५ ला घ्या, टार्गेट १२’ असा कॉल टाकला. शेकडो खरेदीदार एकाच मिनिटात आले की भाव ५-६ वर जातो. तिथे विकणारा चालक स्वतः असतो. थोड्याच वेळात खरेदी आटते आणि सभासदाला २ रुपयेही देणारा मिळत नाही. ओळखण्याची खूण कॉलच्या आधीच्या तक्त्यात असते. कॉल येण्यापूर्वीच्या काही मिनिटांत, कुठलीही बातमी नसताना, व्हॉल्यूम अचानक वाढलेला दिसला, तर आधी कोणीतरी माल भरलेला असण्याची शक्यता मोठी असते.

शेअरच्या बाबतीत हाच प्रकार साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात समोर आला. जुलै २०२२ मध्ये दोन यूट्यूब चॅनेलवर या कंपनीविषयी खोट्या बातम्या देणारे व्हिडिओ आले. अदानी समूह कंपनी विकत घेणार, असे त्यांत सांगितले होते. भाव आणि उलाढाल दोन्ही चढले, आणि सेबीच्या म्हणण्यानुसार त्याच चढाईत प्रवर्तक व संबंधित मंडळींनी आपले शेअर विकले. मार्च २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून अनेकांना बाजारातून दूर केले.

तिसरा प्रकार ‘अकाउंट हँडलिंग’चा. ‘तुमचे डिमॅट, आमचा अनुभव, महिना ५ टक्के हमखास, नफ्यात ३० टक्के आमचे’ अशी भाषा असते. महिना ५ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ ८० टक्के होतात आणि १ लाखाचे १० वर्षांत सुमारे साडेतीन कोटी. असे कसब हाती असलेल्याला दुसऱ्याचे १ लाख हाताळायची गरज का पडावी, हा प्रश्न विचारायलाच हवा. शिवाय नफ्यात वाटा आणि तोट्यात नाही, अशा करारात जितकी मोठी जोखीम तितका हाताळणाऱ्याचा फायदा, म्हणून तो बेधडक ऑप्शन घेतो. कायद्याने पोर्टफोलिओ मॅनेजरला ग्राहकाकडून किमान ५० लाखांची गुंतवणूक घ्यावी लागते, त्यामुळे १ लाखाचे खाते ‘सांभाळून देणारा’ त्या नियमात बसूच शकत नाही. हमखास परताव्याच्या अशा खाजगी करारातून वाद झाला, तर एक्सचेंजची तक्रार व्यवस्था आणि गुंतवणूकदार संरक्षण निधी यांचा आधार मिळत नाही, हेही एक्सचेंज वारंवार जाहीर करतात.

ओळखायची पक्की खूण हमी हीच आहे. नोंदणीकृत विश्लेषक किंवा सल्लागाराला परताव्याची हमी देण्यास मनाई आहे, त्यामुळे हमीचा शब्द उच्चारणारा एकतर नोंदणीकृत नसतो किंवा नियम मोडत असतो. नोंदणी क्रमांक संशोधन विश्लेषकाचा `INH` ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा `INA` ने सुरू होतो. नुसता क्रमांक पाहून थांबू नये, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक चॅनेलवर चिकटवण्याचे प्रकार होतात. सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत तो क्रमांक शोधावा आणि तिथले नाव, फोन व ईमेल चॅनेलशी जुळतात का ते पाहावे. पैसे कोणाच्या खात्यात जातात, ही शेवटची कसोटी. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत संस्थांच्या यूपीआय पत्त्यात `@valid` आणि पुढे बँकेचे नाव असते. एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्याचा क्यूआर कोड आला, तर तिथेच थांबावे.

पैसे गेलेच, तर गटातून बाहेर पडण्याआधी चॅट, व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवली जाण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. त्यानंतरच्या दिवसांत बऱ्याचदा दुसरा फोन येतो : आपण सेबीतून किंवा सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी ‘प्रोसेसिंग फी’ भरा. फसलेल्यांची यादी विकत घेऊन किंवा पहिल्याच टोळीकडून हे फोन केले जातात. सेबी किंवा पोलीस पैसे परत करण्यासाठी फी मागत नाहीत.