न खेळताच खाली आलेला दुसरा क्रमांक

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी बुद्धिबळाचे पट मांडले जातात. बारा जण नेमाने येतात. भिंतीवर क्रमवारीची शिडी लावलेली आहे, बारा नावं एकाखाली एक. आपल्या वरच्या दोन जागांपर्यंत कुणालाही आव्हान द्यायचं. जिंकलात तर त्याची जागा तुमची आणि मधले सगळे एकेक पायरी खाली. हरलात तर काहीच बदलत नाही.

एका रविवारी तिसऱ्या पायरीवरच्या नववीतल्या मुलीने पहिल्या पायरीवरच्या काकांना हरवलं. ती पहिली झाली, काका दुसरे, आणि जे दुसरे होते ते तिसरे. ते तर त्या दिवशी आलेही नव्हते. पुढच्या वेळी भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, "मी हरलो कुणाशी?" त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि तेव्हापासून मी एका वहीत प्रत्येक डावानंतर खेळाडूंचं रेटिंग, म्हणजे त्यांची ताकद दाखवणारे गुणही मांडू लागलो.

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो यांची. जन्म हंगेरीतला, पण ते अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवत. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये ती स्वीकारली. त्यांची मूळ कल्पना अशी, की दोघांच्या गुणांमधल्या फरकावरून डावाआधीच अपेक्षा मांडायची आणि निकाल त्या अपेक्षेपेक्षा जितका वेगळा, तितकेच गुण हलवायचे. आज अपेक्षा काढायला सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं:

```
E = 1 / (1 + 10^(D/400))
```

इथे D म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गुणांतून आपले गुण वजा केल्यावर येणारा फरक. समजा, काका १४०० वर आहेत आणि मुलगी १२०० वर. काकांची अपेक्षा येते ०.७६, म्हणजे बरोबऱ्या बाजूला ठेवल्या तर चारांतले साधारण तीन डाव ते जिंकतील. एका डावात जास्तीत जास्त किती गुण हलू द्यायचे तो आकडा आम्ही ३२ ठेवला आहे. काका जिंकले तर त्यांना ८ गुण मिळतात, हरले तर २४ जातात. तीनदा जिंकून एकदा हरले, तर ते होते तिथेच राहतात.

आता हेच चार डाव शिडीवर बघा. काकांनी चार आव्हानं स्वीकारली, तर चारही जिंकण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश आहे. म्हणजे स्पष्टपणे सरस असलेला खेळाडूही चार डावांत एकदा तरी हरून पहिली जागा गमावण्याची शक्यता दोन तृतीयांश. एका डावाने जागा बदलते आणि त्याआधीच्या डावांचा हिशेब शिडीवर कुठेच उरत नाही. वर पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती, हेही तिच्यावरून कळत नाही.

मग शिडी उतरवून ठेवावी का? मला तसं वाटत नाही, कारण छोट्या गटात रेटिंगच्याही अडचणी आहेत. पहिली म्हणजे ते सावकाश शिकतं. नवा माणूस १२०० पासून सुरू झाला आणि त्याची खरी ताकद १४०० असेल, तर ३२ च्या हिशेबाने त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त अंतर कापायला वीसेक डाव लागतात. रविवारी दोन डाव धरले तर अडीच महिने. हा आकडा वाढवला तर वेग वाढतो, पण हेलकावेही वाढतात. ३२ वरसुद्धा स्थिर खेळणाऱ्याचे गुण केवळ नशिबाने पन्नासेक गुण इकडेतिकडे होत राहतात. म्हणून वहीत १२४० आणि १२६५ दिसले, तर त्यावरून कोण सरस हे मी ठरवत नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. आमच्या पद्धतीत एकाचे गेलेले गुण दुसऱ्याला मिळतात, त्यामुळे एकूण बेरीज कायम राहते. ती मुलगी सुधारत १३५० वर पोहोचली आणि दहावीसाठी खेळ सोडून गेली, तर तिने मिळवलेले १५० गुण इतर अकरा जणांच्या खात्यातून गेलेले असतात, माणशी सुमारे १४. कुणाचाही खेळ बिघडलेला नसताना सगळे घसरलेले दिसतात. त्यामुळे आमच्या वहीतल्या १३०० ची तुलना बाहेरच्या कुठल्याही १३०० शी होऊ शकत नाही.

शिवाय रेटिंग सांभाळायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे न खेळणं. शिडीवर मात्र आव्हान नाकारता येत नाही, आणि बारा जणांत नेहमीच्याच जोड्या पटावर बसू नयेत यासाठी मला हे मोलाचं वाटतं. म्हणून आमच्याकडे आता कुणी कुणाशी खेळायचं ते शिडी ठरवते आणि कोण किती ताकदीचा ते वही. पहिले वीस डाव होईपर्यंत नव्या माणसाचे गुण पेन्सिलीने लिहितो.

वही खरं सांगते का, हे तपासताही येतं. ज्या डावांत दोघांमधला फरक शंभरच्या आसपास होता, असे पन्नास डाव निवडायचे. वरच्या खेळाडूला त्यांत सुमारे ३२ गुण मिळायला हवेत, विजयाचा एक आणि बरोबरीचा अर्धा धरून. २९ किंवा ३५ निघाले तर काळजी नाही. २४च निघाले, तर वहीतली अंतरं खऱ्यापेक्षा ताणली गेली आहेत असं समजायचं. अशा वेळी मी एका डावात हलणाऱ्या गुणांचा ३२ चा आकडा २० वर आणून तेच जुने डाव पुन्हा मांडून बघेन.