कापूस की गॉज?

घरातली प्रथमोपचाराची पेटी उघडली की बहुतेक वेळा आधी हाताला लागतो तो कापसाचा गुंडाळा. निम्मी जागा त्यानेच अडवलेली असते. गॉज असलंच तर तळाशी, एखादा चपटा चौकोन. दोन्ही पांढरे, मऊ आणि रक्त टिपणारे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरलं जातं. माझ्या पेटीत मी हे प्रमाण उलटं केलं, त्याला एक काचेचा ग्लास कारणीभूत आहे.

ग्लास घासताना हातातच फुटला आणि अंगठ्याच्या बुडाशी दोनेक सेंटीमीटरची चीर पडली. सवयीने कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त थांबलं, मी खूश. पण कापूस काढायला गेलो तर तो जखमेलाच धरून बसलेला. ओढला तशी खपली उचकटली, रक्त पुन्हा सुरू, आणि चिरेच्या कडेला बारीक पांढरे तंतू तसेच. ते चिमट्याने वेचण्यात जो वेळ गेला तो ग्लास फुटण्यापेक्षा जास्त त्रासाचा होता.

कापूस म्हणजे नुसते सुटे तंतू, एकमेकांत गुंतलेले. ओले झाले की ते सुटतात, आणि रक्त गोठताना खपलीतच अडकतात. आत राहिलेला तंतू शरीराला परकाच असतो, त्यामुळे जखम चिघळायला निमित्त मिळतं. गॉजही बहुधा सुतीच, पण ते विरळ विणलेलं कापड असतं. कापलेली कड आत दुमडलेली असेल तर धागे सहसा सुटत नाहीत. दुसरा फरक दाबाचा. कापसाचा बोळा बोटाखाली पसरतो. गॉजच्या घडीची मात्र घट्ट गादी होते आणि दाब नेमका चिरेवर पडतो. रक्त थांबवतो तो हा दाब, रक्त टिपणं नव्हे.

तोच प्रसंग आज आला तर आधी चिरेत काच रुतलीय का ते बघेन. रुतली असेल तर ती उपसायची नाही. दोन्ही बाजूंनी दाब द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. काच नसेल तर गॉजचं पाकीट फोडायचं, जखमेवर टेकणाऱ्या बाजूला बोट न लावता घडी चिरेवर ठेवायची, हात छातीच्या वर उचलायचा आणि घड्याळ लावून सलग 10 मिनिटं दाबायचं. मध्ये उचलून डोकवायचं नाही. प्रत्येक डोकावण्यात नुकती धरू लागलेली गुठळी मोडते, आणि घोळ नेमका इथेच होतो. गॉज भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवून आणखी जोरात दाबायचं.

रक्त थांबलं की वाहत्या स्वच्छ पाण्याने चीर धुवायची, नवं गॉज ठेवायचं आणि वरून रोलर बँडेज गुंडाळायचं. मग एक नख पांढरं होईपर्यंत दाबून सोडायचं. दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा बोटं गार पडून मुंग्या येऊ लागल्या, तर बँडेज आवळलं गेलंय, सैल करायचं. 10 मिनिटं नीट दाबूनही रक्त वाहतंच आहे, चिरेच्या कडा उघड्या राहतात, बोट बधिर झालंय किंवा वाकत नाही, तर ते काम गॉजचं नाही, टाके घालणाऱ्या डॉक्टरचं आहे. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर 10 मिनिटंही थांबायचं नाही, दाब तसाच ठेवून निघायचं.

गॉजही निर्दोष नाही. वाळलं की तेही चिकटतं, पण पाण्याने भिजवून दोन मिनिटं थांबलं की सुटून येतं. खरचटलेल्या मोठ्या जागेवर किंवा भाजलेल्या कातडीवर साधं गॉज नको. तिथे न चिकटणारं ड्रेसिंग लागतं, आणि भाजलं असेल तर आधी 20 मिनिटं वाहतं पाणी. कापूस या दोन्ही ठिकाणी अजिबात नको. घोळणा फुटला तरी नाकात कापसाचे बोळे कोंबायची गरज नसते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं चिमटीत धरायचा.

मग कापूस ठेवायचाच कशाला? अखंड कातडी पुसायला, आणि गॉजच्या वर जाडी म्हणून, जखमेला न टेकता. मूठभर पुरतो.

गॉज घेताना एकेकटं पाकीटबंद, निर्जंतुक लिहिलेलं घ्यावं. मोठ्या गठ्ठ्यातून कापून घेतलेलं गॉज स्वच्छ असेल, निर्जंतुक नसतं. पाकीट फाटलं किंवा ओल लागली की तेही त्याच रांगेत. माझ्या पेटीत आता 10 सेंटीमीटरची दहा पाकिटं, दोन रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, हातमोजे आणि कात्री आहे. ही कात्री मात्र पेटीला दोरीने बांधलीय, नाहीतर महिन्याभरात ती स्वयंपाकघरात सापडते.