चार बाजू मोजल्या, तरी रान मोजलं नाही

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निघाली की नांगरटीची घाई सुरू होते. ट्रॅक्टरवाला पैसे एकरावर घेतो, म्हणून रान किती हे आधी ठरावं लागतं. या गोष्टीतल्या आबांची अडचण तिथंच होती. सातबारा भावकीचा सामाईक. त्यावर गटाचं क्षेत्र होतं, पण वाटणीला आलेला ओढ्याकडचा वाकडातिकडा तुकडा नेमका किती, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्यानं टेप लावून चारी बांध मोजले. लिंबापासून हद्दीच्या दगडापर्यंत 260 फूट, तिथून विहिरीपर्यंत 280, विहिरीपासून बाभळीपर्यंत 160 आणि बाभळीपासून परत लिंबापर्यंत 340. मग त्यानं नेहमीचा हिशेब केला. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, 210 आणि 310, आणि त्यांचा गुणाकार केला. 65,100 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट. भागून जवळजवळ 60 गुंठे आले. "दीड एकर झालं बघा, आबा."

आबांना ते पटेना. दीड एकराचं म्हणून आणलेलं बी त्यांच्याकडे दरवर्षी उरायचं. त्यांनी आठवीतल्या नातीला हाक मारली. तिनं वहीत चौकोन काढला आणि म्हणाली, "आबा, लिंबापासून विहिरीपर्यंत आडवं मोजलंच नाही की."

"चारी बाजू मोजल्या, आता काय राहिलं?"

राहिलेलं तेच महत्त्वाचं होतं. चार पट्ट्या घ्या, प्रत्येक कोपऱ्यात एकेकच खिळा ठोका आणि चौकट बाजूला ढकला. ती कलते. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण आतली जागा बदलते. तीन पट्ट्यांची चौकट मात्र हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार ठरतो आणि त्याबरोबर क्षेत्रफळही. म्हणून चौकोनी रानात एक कर्ण मोजायचा आणि त्याचे दोन त्रिकोण करायचे. नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारण्यात अर्थ नाही, असं भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास ‘लीलावती’त बजावून ठेवलंय.

आबा आणि नात धसकटं तुडवत सरळ रेषेत गेले. लिंब ते विहीर बरोबर 300 फूट भरलं. एका त्रिकोणाच्या बाजू झाल्या 260, 280 आणि 300. शाळेत शिकवतात ते हेरॉनचं सूत्र इथं चालतं, आणि त्यासाठी कुठं काटकोन शोधावा लागत नाही. तिन्ही बाजूंच्या बेरजेची निम्मी, 420. त्यातून एकेक बाजू वजा केली की 160, 140 आणि 120 राहतात. या चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की 33,600 चौरस फूट. दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू 160, 300 आणि 340. त्याच रीतीनं 24,000. एकूण 57,600 चौरस फूट, म्हणजे जवळपास 53 गुंठे.

सरासरीच्या हिशेबानं सात गुंठे जास्त धरले होते. ट्रॅक्टरवाल्याची लबाडी नव्हती. ती रीत फक्त आयताला बरोबर उत्तर देते. इतर कोणत्याही चौकोनाला ती जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. आणि हेच चार बांध ठेवून लिंब ते विहीर अंतर 400 फूट असतं, तर रान 58 गुंठ्यांच्या आसपास भरलं असतं.

आबांनी पडताळा मागितला. मग दुसरा कर्ण, दगड ते बाभूळ, मोजला. 419 फूट. त्यावरून केलेले दोन त्रिकोण मिळून पुन्हा 57,600च्या आसपासच आले. पण इथं जपावं लागतं. दगड, विहीर आणि बाभूळ यांचा त्रिकोण अगदी चपटा आहे. 280 आणि 160 मिळून 440 होतात, म्हणजे समोरच्या 419पेक्षा जेमतेम 21 फूट जास्त. अशा त्रिकोणात मोजणीची छोटी चूक मोठी होते. या कर्णात दोन फूट चुकले तर सुमारे अर्धा गुंठा फिरतो. लिंब ते विहीर या कर्णात तेवढंच चुकलं तर पाव गुंठाच फिरतो. दोन कर्णांपैकी ज्याचे त्रिकोण भरीव दिसतात, तोच हिशेबाला धरावा आणि दुसरा पडताळ्याला ठेवावा.

चुका बहुतेक टेपच्याच असतात. टेप मधे झोळ खाल्ला किंवा रेषा वाकडी गेली की अंतर जास्त दिसतं. म्हणून दोन्ही टोकांना काठी रोवून मधे एक माणूस उभा करतात आणि टेप ताणून आडवा धरतात. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजला तरीही आकडा वाढतो, कारण क्षेत्र आडव्या सपाटीचं धरतात. ओढ्याच्या बाजूला बांध वळत असेल तर वळणावर दोनतीन खुणा करून तिथं आणखी त्रिकोण पाडावे लागतात.

नांगरटीचे पैसे 53 गुंठ्यांचे ठरले. या मोजणीनं रान किती ते कळतं, हद्द कुठं ते कळत नाही. बांध सरकलाय अशी शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच घ्यावी लागते.