पहाटे पाचचा गजर आणि साडेसातचा तळ

माझी भाची जुळे सोलापुरात राहते आणि घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करते. तिच्या बैठका सकाळी ११ नंतर सुरू होतात आणि खरे एकाग्रतेचे काम ती रात्री १० ते १ या वेळात करते. गेल्या वर्षी मे महिन्यात तिने सवय बदलण्याचे मनावर घेतले. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे घरात लहानपणापासून ऐकलेले होतेच, शिवाय तिची आई रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला जाते. म्हणून तिने रात्री १० ला अंथरुणावर पडायचे, पहाटे ५ चा गजर लावायचा आणि आईबरोबर तलावावर जायचे असा नेम सुरू केला. दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिची तक्रार अशी होती, की पूर्वी तिला २ वाजता झोप लागत असे आणि आता अडीच वाजले तरी लागत नाही. नेम तर तिने एक दिवसही मोडला नव्हता. मग झोप पुढे का सरकली?

मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच. त्याचे उत्तर मनोनिग्रहात नसून प्रकाश डोळ्यांवर नेमका कोणत्या घटकेला पडतो यात आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. त्या पेशींमधील काही जनुके ठरावीक प्रथिने बनवतात, ती प्रथिने साठत गेली की स्वतःचीच निर्मिती थांबवतात, मग हळूहळू झिजतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. ही यंत्रणा फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या चक्राचा एक फेरा सरासरी २४ तास आणि १०-१२ मिनिटांचा असतो, पण काहींचा फेरा त्याहून लांब असतो आणि अशा लोकांचे घड्याळ रोज थोडे मागे पडू पाहते. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांमध्ये अशा लांब फेऱ्याची माणसे बरीच असतात. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे आणि वयानुसारही बदलते. विशीच्या आसपास ती सर्वांत उशिराकडे झुकलेली असते व पुढे हळूहळू अलीकडे येते.

मागे पडणारे हे घड्याळ रोज जुळवते कोण? मुख्यतः प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्या निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात आणि त्याची वर्दी थेट या पुंजक्याला देतात. मात्र तोच प्रकाश वेळेनुसार अगदी उलट परिणाम घडवतो. शरीराचे आतले तापमान रात्री उतरत जाते आणि आपण आपसूक जागे होतो त्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली पोहोचते. याला आपण तापमानाचा तळ म्हणू. या तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळाला संध्याकाळ लांबल्याचे सांगतो, म्हणून झोप आणखी उशिरा सरकते. तळानंतरच्या काही तासांत पडलेला प्रकाश दिवस उजाडल्याचे सांगतो आणि झोप अलीकडे येते.

आता भाचीचा हिशेब मांडू. नेमापूर्वी सुटीच्या दिवसांत गजर न लावता ती रात्री २ ला झोपून सकाळी १० ला उठत असे. म्हणजे तिचा तळ सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान, ढोबळमानाने साडेसातला. सोलापुरात मे-जूनमध्ये सूर्य ६ च्या थोडा आधी उगवतो. ती तलावाच्या काठी सव्वापाच ते साडेसहा फिरत होती आणि नंतर गच्चीवर चहा घेत बसत होती. आईच्या दृष्टीने ती प्रसन्न सकाळ होती, पण भाचीच्या शरीरासाठी मात्र ती अजून रात्रच होती, आणि त्या रात्रीत तासभर भरपूर उजेड डोळ्यांवर पडत होता. झोप अर्ध्या तासाने पुढे सरकण्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

दुसरे कारण रात्री १० च्या अंथरुणात होते. झोप लागण्याच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हा जागेपणाचा सर्वांत भक्कम काळ असतो, कारण दिवसभर साठलेल्या थकव्याला तोलून धरण्यासाठी घड्याळ त्या वेळी जागे राहण्याचा जोर वाढवते. त्या काळात दिवा मालवून पडून राहिले तर झोप येत नाही, कूस बदलत राहावे लागते आणि हळूहळू अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा असे समीकरण मनात बसते. भाची दहापासून मोबाइलवर तास मोजत पडून राहत होती, तेही मे महिन्यातल्या सोलापुरात, जिथे दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. झोप लागताना शरीराला आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकावी लागते आणि तापलेल्या खोलीत तेच जमत नाही.

रविवारी ती ही भरपाई करत असे. आठवड्यात अडीच ते पाच अशी झोप, तिचा मध्य पावणेचारला. रविवारी अडीच ते अकरा, तिचा मध्य पावणेसातला. दोन्हींत तीन तासांचा फरक. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा फरकाला सामाजिक जेट लॅग असे नाव दिले आणि ते चपखल आहे. भारत आणि जपान यांच्या वेळेत साडेतीन तासांचे अंतर आहे. म्हणजे ही मुलगी दर सोमवारी जवळजवळ टोकियोला जाऊन शनिवारी रात्री सोलापूरला परतत होती.

मी तिला सुचवलेली पद्धत नवी नव्हती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात उशिरा जागणाऱ्या २२ जणांना तीन आठवडे अशाच प्रकारचा दिनक्रम दिला होता आणि त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले होते, तेही झोपेचे एकूण तास कमी न होता. आम्ही पहिला आठवडा फक्त नोंदीत घालवला. गजर नाही, पहाटेचे फिरणे नाही, वहीत झोपेच्या व उठण्याच्या वेळा लिहायच्या. पहिले तीन दिवस तुटलेली झोप भरून काढण्यात गेले, म्हणून ते हिशेबात धरले नाहीत. नंतर आकडे पुन्हा २ आणि १० वर स्थिरावले.

मग आम्ही झोपण्याच्या वेळेला हात न लावता उठण्याची वेळ धरली. पहिले तीन दिवस साडेनऊ, पुढचे तीन दिवस नऊ, असे दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. उठल्यावर दहा मिनिटांच्या आत घराबाहेर पडून अर्धा-पाऊण तास उजेडात बसायचे. इथे तिने रास्त शंका काढली, की सोलापूरच्या उन्हात नऊ वाजता बसायचे कसे? उन्हात बसण्याची गरजच नसते. खिडकीपासून दूर, घराच्या आतल्या भागात दिवसाही जेमतेम शंभर-दोनशे लक्स उजेड असतो, तर उघड्या व्हरांड्याच्या सावलीत तो काही हजार लक्स असतो. डोळ्यांना पांढऱ्या ट्यूबचा उजेड झगझगीत वाटतो खरा, पण घड्याळाच्या लेखी तो फारसा मोठा नसतो. ती व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचू लागली. काळा चष्मा मात्र त्या अर्ध्या तासात घालायचा नाही असे मी बजावले होते.

संध्याकाळची बाजूही तितकीच महत्त्वाची होती. शरीरातला निम्मा कॅफिन निघून जायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी ३ ला. रात्री ८ नंतर जेवण नाही. १० नंतर छतावरची ट्यूब बंद, टेबलाशी पिवळा मंद दिवा आणि लॅपटॉपचा उजेड अगदी कमी. झोप लागण्याच्या साधारण दोन तास आधी रक्तात रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते आणि भक्क उजेडात ते दबून जाते. अंथरुणावर जायचे ते डोळे जडावल्यावरच, घड्याळ पाहून नव्हे.

मधल्या काळात एक घसरण झाली. दहाव्या दिवशी मावसबहिणीचे लग्न होते. रात्री ३ पर्यंत जागरण झाले आणि दुसऱ्या दिवशी ती अकरापर्यंत झोपली. पुढचे चार दिवस झोप पुन्हा दीडच्या पुढे गेली. त्यानंतर आम्ही ठरवले, की कितीही उशीर झाला तरी सकाळी नेहमीपेक्षा एका तासाहून अधिक झोपायचे नाही आणि उरलेली कसर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांच्या डुलकीने काढायची.

पाचव्या आठवड्यात ती साडेअकराला झोपून साडेसातला उठू लागली. घड्याळ खरोखर सरकले आहे, की माणूस फक्त गजराच्या धाकाने उठतो आहे, हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. गजर वाजण्याच्या थोडे आधीच जाग येऊ लागते, गजराविना उठलेल्या रविवारची वेळ इतर दिवसांपेक्षा अर्ध्या तासाहून फारशी ढळत नाही आणि रात्री डोळे आपोआप जडावू लागतात. तिच्यात तिन्ही खुणा दिसल्या. मग उत्साहाने तिने सातचा प्रयत्न केला, तेव्हा आठवडाभर गजर तीन-तीनदा बंद करावा लागला आणि दुपारी बैठकीत पेंग येऊ लागली. आम्ही साडेसातवरच थांबलो. आज तिचा तळ पाचच्या आसपास असावा, म्हणजे पहाटे पाचचा गजर तिला अजूनही ऐन तळाशीच उठवेल.

इतके करूनही एखाद्याची झोप जागची हलत नाही. अशा वेळी, कामाची वेळ आपल्या हाती असेल तर, रोज २ ते १० असे ठरलेले झोपणे हे पाच दिवस तुटलेल्या झोपेपेक्षा आणि रविवारच्या भरपाईपेक्षा पुष्कळ बरे असे माझे स्पष्ट मत आहे. जागरणाशी जोडलेले अनेक त्रास उशिरा झोपण्यातून येतात त्यापेक्षा अपुऱ्या आणि वेळी-अवेळीच्या झोपेतून अधिक येतात. मात्र पुरेशी झोप घेऊनही दिवसभर गुंगी राहणे, मोठ्याने घोरताना श्वास अडकणे किंवा मन सतत खिन्न असणे ही घड्याळाची लक्षणे नव्हेत, त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी झोपेच्या वेळेत आणि उजेडात असे फेरफार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आता आई पहाटे तलावावरून फिरून येते आणि साडेसातला दोघी व्हरांड्यात चहा घेतात. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हाही साडेसातला व्हरांड्यात पुरेसा उजेड असतो, त्यामुळे हिवाळ्यात वेळ बदलावी लागली नाही.