दुहेरी छप्पर (गोवा)

गच्चीच्या स्लॅबवर मोकळे अंतर सोडून घातलेल्या दुसऱ्या आच्छादनाला दुहेरी छप्पर म्हणतात. गोव्यात ते बहुधा पत्र्याचे असते आणि पावसाळ्यातली गळती थांबवण्यासाठी घातले जाते. उन्हाळ्यातही ते मोठे काम करू शकते, पण बांधताना तो विचार क्वचितच होतो.

मेच्या सुरुवातीला पणजीत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भिंतींपेक्षा गच्चीच अधिक तापते. भर दुपारी चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट ऊन पडते आणि जुना, काळवंडलेला स्लॅब त्यातले निम्म्याहून बरेच जास्त शोषतो. ही उष्णता स्लॅबमधून उतरायला काही तास लागतात. रात्री जेवणाच्या वेळी छत तापलेले लागते ते त्यामुळेच.

पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापतो. पत्रा ६० अंश आणि स्लॅब ३५ अंश सेल्सियस धरला, तर रंगवलेल्या पत्र्याच्या खालच्या बाजूकडून स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण दीडशे वॅट मिळतात. उघड्या गच्चीच्या मानाने हे खूप कमी आहे. खालची बाजू न रंगवता चकचकीत ॲल्युमिनियमची ठेवली, तर हा आकडा आणखी कित्येक पटींनी उतरतो. वरची बाजू मात्र पांढरी हवी, म्हणजे पत्रा मुळात कमी तापेल. खरेदी करताना लोक वरचा रंग निवडतात आणि खालच्या बाजूबद्दल विचारतही नाहीत. खाऱ्या हवेने आणि धुळीने ही चकाकी मंदावते, म्हणून ती अधूनमधून पुसावी लागते.

उरलेले काम वाऱ्याचे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेकडून आत शिरून पूर्वेकडून बाहेर पडायला हवा आणि आढ्याशी गरम हवेला वाट हवी. नेमकी पश्चिमेची बाजूच पावसाच्या झडीसाठी पत्रे ठोकून बंद केली जाते आणि पोकळीत कोंडलेली हवा दिवसभर तापत राहते. दुपारी तीनच्या सुमारास वर जाऊन आढ्याखाली उभे राहिले की दोष लगेच कळतो: डोक्याशी झळ लागते, पायाशी तितकी नाही. बाजू बंद करण्याऐवजी पाखी भिंतीबाहेर पुरेशी लांब काढावीत आणि पश्चिमेला तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवावी.

खांबांसाठी स्लॅबला भोके पाडू नयेत. तिथूनच पाणी मुरते. खांब शक्यतो खालच्या कॉलमच्या रेषेत, काँक्रीटच्या छोट्या चौथऱ्यांवर उभारावेत. पत्र्याचे स्क्रू किनाऱ्याजवळ आधी गंजतात.

शेडनेट स्वस्त पडते आणि हवा अडवत नाही, पण ते पाऊस रोखत नाही. पावसाळी वाऱ्यात ते कडेच्या गोल कड्यांपाशी फाटते, म्हणून मेअखेर उतरवून ठेवावे. पर्गोलाच्या सरळ पट्ट्यांमधून माथ्यावरचे ऊन थेट खाली येते. वर वेल दाट चढेपर्यंत त्याचा उपयोग थोडाच.