पार्श्वभूमी: किनाऱ्याच्या फोटोतून कचरा पुसला जातो तेव्हा

फोटोतली नको ती वस्तू पुसायला पूर्वी डार्करूममध्ये बारीक ब्रशने रंगकाम करावं लागे. १९९०मध्ये फोटोशॉप आलं आणि त्यातल्या रबर स्टॅम्पने शेजारची वाळू उचलून बाटलीवर पसरवता येऊ लागली. २००२च्या हीलिंग ब्रशने उजेड आणि पोत जुळवण्याचं काम सोपं केलं. २०१०च्या कंटेंट-अवेअर फिलला तर फक्त वस्तूभोवती रेघ मारली की पुरे. २०२१मध्ये हीच सोय मॅजिक इरेजरच्या रूपाने फोनवर आली.

२०१० सालीच 'द इकॉनॉमिस्ट'च्या मुखपृष्ठावर लुइझियानाच्या किनाऱ्यावर एकटेच मान खाली घालून उभे असलेले ओबामा दिसले. निमित्त होतं मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीचं. रॉयटर्सच्या मूळ फोटोत त्यांच्याशेजारी तटरक्षक दलाचा अधिकारी आणि स्थानिक लोकप्रतिनिधी असलेल्या एक बाई होत्या. अधिकारी कातरण्यात गेला, बाई पुसल्या गेल्या. वाचकाचं लक्ष ओबामांवर राहावं, असा संपादकीय खुलासा आला. रॉयटर्सच्या नियमांत मात्र असं पुसणं बसत नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढला तर चालतो, कारण तो कॅमेऱ्यातला दोष असतो. वाळूतलं झाकण मात्र त्या जागेवर खरंच पडलेलं असतं.

कचऱ्याच्या बातमीत तर ते झाकण म्हणजेच पुरावा. युरोपीय संघाने २०२०मध्ये किनाऱ्यासाठी मर्यादा ठरवली ती १०० मीटरमागे २० वस्तूंची. ती अनेक पाहण्यांवरून मोजतात, एका फोटोवरून नव्हे; तरी हिशोब करून पाहा. चौकटीत किनाऱ्याची १० मीटर लांबी आली आणि तिथे चार वस्तू असल्या, तर प्रमाण मर्यादेच्या दुप्पट होतं. सफाईनंतरच्या फोटोतून 'फ्रेम बिघडते' म्हणून त्यातल्या तीन पुसल्या, की तोच किनारा मर्यादेच्या निम्म्यावर आल्यासारखा दिसतो. सफाई खरी झालेली असूनही बातमी खोटी ठरते. पर्यटनाच्या जाहिरातीतही हेच चालतं, पण तिथे निदान कोणी मोजदाद करायला बसत नाही.

पुसलेलं ओळखायचं तर आधी भरतीरेषा पाहावी. शेवाळ, काड्या आणि प्लास्टिक लाटेबरोबर एकाच ओळीत येऊन पडतं. ती ओळ मध्येच हातभर स्वच्छ असेल तर शंका घ्यावी. बाटली जाते पण तिची सावली राहते, किंवा लाट परतताना तिच्याभोवती कोरला गेलेला चंद्रकोरीसारखा खळगा राहतो. नदीकाठी काठावरची पिशवी पुसतात आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब विसरतात. तेच तीन खडे त्याच मांडणीत दोनदा दिसले, तर स्टॅम्प फिरलेला आहे. नव्या साधनांत मात्र असं पुनरावर्तन क्वचितच सापडतं. तिथे छायाचित्रकाराकडून मूळ रॉ फाइल आणि त्याच जागेचे आगेमागे टिपलेले फोटो मागवणं जास्त भरवशाचं; पुसलेली पिशवी शेजारच्या फोटोत बहुधा तशीच पडलेली असते.